सभांना न येणाऱ्या विश्वस्ताला नोटीस: आधी घटना उघडा, मग लेटरहेड

आमचा ट्रस्ट छोटा आहे. पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर वाचनालय, खाली विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका, सात विश्वस्त आणि दर दोन महिन्यांनी रविवारी रात्री साडेआठला सभा. सातांपैकी एक ज्येष्ठ विश्वस्त सलग पाच सभांना आले नाहीत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पाचव्या सभेत एक जण वैतागून म्हणाला, "कार्यवाह, पाठवा नोटीस. कलम अकरा लावा, विषय संपवा." मी कार्यवाह. घरी येऊन लेटरहेड काढला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबलो. ट्रस्टच्या घटनेतल्या कलम अकरामध्ये शब्दशः काय आहे हे मला सांगता येईना.

पुढचे सात महिने त्यात गेले. त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे मांडतो. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यासासाठी आहे. गृहनिर्माण सोसायटी किंवा कंपनीचे नियम वेगळे, तिथे हे लावू नका.

घटनेची खरी प्रत

कपाटात मिळणारी टाइप केलेली प्रत प्रमाण मानू नका. आमच्या कपाटातल्या प्रतीत एक जुनी दुरुस्ती उतरवलीच नव्हती. पुण्यात धर्मादाय सह आयुक्तांचे कार्यालय ढोले पाटील रोडला आहे. तिथून न्यासपत्राची, घटनेची किंवा मंजूर योजनेची प्रमाणित नक्कल काढा आणि सोबत परिशिष्ट एकचा उताराही घ्या. उताऱ्याने दोन गोष्टी कळतात. ज्यांना नोटीस द्यायची ते आज नोंदीनुसार विश्वस्त आहेत का, आणि नोटिशीवर सही करणारे आपण तरी आहोत का. विश्वस्त बदलल्याचे कळवणारा जुना बदल अर्ज त्या कार्यालयात प्रलंबित असेल तर समोरच्याचा पहिला आक्षेप यावरच येतो.

मग गैरहजेरीचे कलम वाचा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. आमचे कलम साधारण असे: "जो विश्वस्त लेखी कारण न कळवता मंडळाच्या सलग तीन सभांना गैरहजर राहील, त्याचे पद त्यास खुलाशाची संधी देऊन मंडळाच्या ठरावाने रिक्त करता येईल." या एका वाक्यात पाच अटी आहेत: लेखी कारण नसणे, मंडळाची सभा असणे, सलग तीन, खुलाशाची संधी आणि ठराव. शेवटचा शब्द "येईल" आहे, "होईल" नाही. म्हणजे पद आपोआप जात नाही. मंडळाला वाटले तर ते रिक्त करता येते, नाही वाटले तर ठेवता येते.

काही घटनांमध्ये "पद आपोआप रिक्त झाले असे समजण्यात येईल" असे असते. तिथे अनेकांना वाटते की नोटिशीची गरजच नाही. माझे मत उलटे आहे. पद रिक्त झाले हे पुढे बदल अर्जात तुम्हालाच सिद्ध करायचे असते. ज्या माणसाला एकदाही विचारले नाही त्याने तिथे येऊन "मला सभेचे पत्रच मिळाले नाही" म्हटले, की तुमचे "आपोआप" तिथेच अडकते.

आणि घटनेत असे कलमच नसेल तर? तर बाकीचे सहा जण मिळून सातव्याला काढू शकत नाहीत, मग बहुमत कितीही असो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये त्यासाठी वेगळी वाट आहे. विश्वस्त सतत कर्तव्यात कसूर करत असेल तर धर्मादाय आयुक्त कलम ४१ड खाली त्याला निलंबित करू शकतात किंवा काढू शकतात. विश्वस्त काम करायला नकार देत असेल किंवा प्रकृतीमुळे असमर्थ झाला असेल तर कलम ४७ खाली अर्ज करता येतो. ही वकिलामार्फत जायची कामे आहेत, मंडळाच्या ठरावाने उरकायची नव्हेत. असा ट्रस्ट असेल तर खालचे सगळे फक्त विनंतीपत्रापुरते उपयोगी आहे.

गैरहजेरी मोजणे

बहुतेक नोटिसा इथेच कच्च्या राहतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मी एक कोरा कागद घेतला, पाच सभांच्या पाच ओळी मारल्या आणि प्रत्येकीपुढे चार प्रश्न लिहिले. सभेची सूचना घटनेत सांगितलेल्या मुदतीत गेली का? ती योग्य पत्त्यावर, योग्य मार्गाने गेल्याचा कागद आहे का? कोरम होता का? आणि इतिवृत्तात काकांच्या नावापुढे नेमके काय लिहिले आहे?

नोव्हेंबरची सूचना पोस्टाने गेली होती, पण शनिवार पेठेतल्या जुन्या पत्त्यावर. काका त्याआधीच मुलाकडे कोथरूडला राहायला गेले होते आणि तसे त्यांनी पत्र देऊन कळवलेही होते. ते पत्र आमच्याच फाइलमध्ये सापडले. ती सभा बाद.

जानेवारीची सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सभेच्या चार दिवस आधी. आमची घटना म्हणते: सात पूर्ण दिवस आधी, लेखी. पूर्ण दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. सभा २१ तारखेला असेल तर १४ ते २० हे सात दिवस मधे मोकळे हवेत, म्हणजे सूचना १३ तारखेपर्यंत हातात पडायला हवी. जानेवारीही बाद.

मार्चची सभा सगळ्या बाजूंनी नीट होती. ती धरली.

मेच्या सभेचे इतिवृत्त माझ्याच अक्षरात: "श्री. ... यांनी दूरध्वनीवरून कळविल्याने त्यांची रजा मंजूर करण्यात आली." खरे तर त्यांचा फोन आलाच नव्हता. कोणी तरी "लिहा हो तसं, बरं दिसतं" म्हणाले आणि मी लिहिले. पुण्यातल्या निम्म्या संस्थांची प्रोसिडिंग बुके अशा सौजन्याने भरलेली असतील. पण कागदावर रजा मंजूर झाली की ती गैरहजेरी राहत नाही. मे बाद.

जुलैला चारऐवजी तिघेच आले आणि कोरमअभावी सभा तहकूब झाली. काकांना गैरहजर म्हणायचे तर आणखी तिघांना म्हणावे लागले असते. जी सभा झालीच नाही ती मोजण्यात अर्थ नव्हता.

पाचांतली एक उरली, आणि आम्ही कलम अकरा लावायला निघालो होतो.

तुमच्याकडे असा हिशेब निघाला तर जुनी इतिवृत्ते "दुरुस्त" करायच्या भानगडीत पडू नका. वाचून कायम झालेल्या इतिवृत्तात मागाहून खाडाखोड केली तर ट्रस्टच्या सगळ्याच नोंदी संशयाच्या होतात. सरळ नव्याने मोजायला लागा. आणि "सलग" या शब्दाचा अर्थ धरून ठेवा: माणूस मधल्या एका सभेला अर्धा तास जरी येऊन बसला आणि हजेरीवर सही केली, तरी साखळी तुटते.

नोटिशीआधीचे पत्र

ऑगस्टमध्ये मी काकांना साधे पत्र लिहिले. त्यात कलमाचा उल्लेख नव्हता. "गेल्या काही सभांना आपली भेट झाली नाही. सूचना जुन्या पत्त्यावर जात होत्या ही आमची चूक. आता कोथरूडच्या पत्त्यावर पाठवतो. सभेच्या वेळेची किंवा जिन्याची काही अडचण असेल तर कळवावे." एवढेच. अध्यक्षांनी फोनही केला. काका म्हणाले, "येतो की पुढच्या वेळी."

हे पत्र करण्याची दोन कारणे. माणसाला खरेच अडचण असेल तर ती सांगायची सोपी जागा मिळते. आणि पुढे नोटीस द्यावीच लागली तर आपण पहिल्याच फटक्यात कलम काढले नाही, हे फाइलमध्ये दिसते.

त्यानंतर सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारी या तीन सभांच्या सूचना आम्ही अगदी शिस्तीने पाठवल्या. प्रत्येक वेळी दोन मार्गांनी: एक प्रत हातपोच, पोचवहीत सही घेऊन, आणि एक पोस्टाने. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. जुन्या घटनेत "रजिस्टर पोस्टाने" असे असेल तर स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि पोचपावतीसह करा आणि हातपोच सोडू नका. पाकीट परत आले तर ते न फोडता, शेऱ्यासकट, तसेच फाइलला लावा. सभेच्या तारखाही डोळस ठेवल्या. गणपती विसर्जनाच्या दिवशी पेठेत सभा बोलावून कोथरूडहून कोण आले नाही हे मोजणे म्हणजे स्वतःच्याच केसला भोक पाडणे.

तिन्ही सभांना काका आले नाहीत. इतिवृत्तात दर वेळी एकच कोरडे वाक्य लिहिले: "श्री. ... गैरहजर. लेखी कारण प्राप्त नाही." पुढे काहीही नाही. "सातत्याने दुर्लक्ष", "बेजबाबदारपणा" असले शब्द एका सदस्याने सुचवले होते, मी घेतले नाहीत. गैरहजेरी आपल्याला दिसते, तिचे कारण दिसत नाही. न दिसलेले लिहिले की तेच सिद्ध करायची जबाबदारी येते, आणि वर माणूस कायमचा दुखावतो.

नोटीस

नोटीस देण्याचा निर्णय मंडळाच्या सभेत करा. कार्यवाहाने आपल्या अखत्यारीत पाठवू नये. जानेवारीच्या सभेत आमचा ठराव झाला: कलम अकरानुसार खुलासा मागवावा, पत्र कार्यवाहांच्या सहीने जावे. सूचक आणि अनुमोदक लिहिले. त्यानंतर गेलेले पत्र असे होते:

> दिनांक: २२ जानेवारी
> जा. क्र.: ...
>
> प्रति,
> श्री. ..., विश्वस्त
> (सध्याचा पत्ता)
>
> विषय: सभांच्या अनुपस्थितीबाबत आपले म्हणणे मिळण्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार.
>
> २१ सप्टेंबर, १६ नोव्हेंबर आणि १८ जानेवारी या दिवशी झालेल्या विश्वस्त मंडळाच्या तीन सभांना आपण उपस्थित नव्हता. या सभांच्या सूचना आपणांस अनुक्रमे ११ सप्टेंबर, ६ नोव्हेंबर व ८ जानेवारी रोजी मिळाल्याची नोंद ट्रस्टकडे आहे. अनुपस्थितीचे लेखी कारण आमच्याकडे आलेले नाही. आपण पाठविले असून ते आमच्यापर्यंत पोहोचले नसल्यास कृपया त्याची प्रत द्यावी.
>
> ट्रस्टच्या घटनेतील कलम ११ सोबत जोडले आहे. त्यानुसार मंडळास आपल्या विश्वस्तपदाबाबत विचार करावा लागेल. त्यापूर्वी आपले म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण आपला खुलासा लेखी द्यावा. प्रत्यक्ष बोलायचे असल्यास २२ फेब्रुवारीच्या सभेत आपणांस वेळ राखून ठेवली आहे. तिची विषयपत्रिका स्वतंत्रपणे पाठवीत आहोत.
>
> पद पुढे चालू ठेवावे की त्यातून मोकळे व्हावे, याबाबत आपली जी इच्छा असेल तीही मोकळेपणाने कळवावी. मुदतीत आपणांकडून काही न आल्यास मंडळ उपलब्ध नोंदींवरून निर्णय घेईल.
>
> आपला,
> कार्यवाह
>
> सोबत: कलम ११ ची प्रत, तीन सभांच्या सूचना व पोच, तीन इतिवृत्तांतील संबंधित उतारे

या पत्रातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. विषयात "कारणे दाखवा" लिहिलेले नाही. सरकारी कचेरीतला तो शब्द ऐकला की माणूस आधी चिडतो, मग वाचतो. "खुलासा" कलमातच आहे म्हणून तो मजकुरात ठेवला. सूचना मिळाल्याच्या तारखा घातल्या, कारण वाद नेहमी तिथेच होतो. "पाठविले असून पोहोचले नसल्यास" या वाक्याने समोरच्याला मान तुकवायला न लावता बाजू मांडायला जागा दिली. आणि निर्णय आधीच झाला आहे असे एकाही शब्दातून दिसू दिले नाही. "आपले पद रद्द का करू नये" असे लिहिले की मंडळाने मन आधीच ठरवले आहे, असा आक्षेप घ्यायला वाव राहतो.

मुदत घटनेत दिली असेल तर तीच. नसेल तर पंधरा दिवस पुरेसे आहेत. ज्येष्ठ माणूस असेल, आजारी असेल, तर मागितल्यास वाढवून द्या आणि वाढवल्याचे लेखी कळवा.

हे पत्र अध्यक्ष स्वतः घेऊन गेले, बंद पाकिटात, वर "वैयक्तिक" लिहून. आधी फोन करून वेळ ठरवली होती. वाचनालयाच्या शिपायाने दारात सुनेच्या हाती नोटीस ठेवावी आणि "सही करा" म्हणावे, असे मी एका दुसऱ्या संस्थेत पाहिले आहे. त्यानंतर ते गृहस्थ त्या संस्थेची पायरी चढले नाहीत. पोस्टाची प्रत वेगळी गेलीच, पण पहिली प्रत माणसाच्या हातून माणसाच्या हातात पडली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाचा एक शब्द पडू द्यायचा नाही, हेही ठरवून घेतले होते. सूचनाफलकावर लावण्याचा तर प्रश्नच नाही.

विषयपत्रिका आणि सुनावणी

निर्णयाच्या सभेत हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली घेऊ नका. त्याने सगळी मेहनत फुकट जाते. विषयपत्रिकेत स्वतंत्र क्रमांक हवा: "घटनेच्या कलम ११ नुसार विश्वस्तपदाबाबत विचार व निर्णय." नाव विषयपत्रिकेत घातलेच पाहिजे असे नाही, सोबतच्या पत्रात ते आहेच. ही विषयपत्रिकाही संबंधित विश्वस्ताला सात पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे. निर्णय होईपर्यंत तेही विश्वस्तच आहेत.

सभेत त्यांना आधी बोलू द्या. मग मंडळाने प्रश्न विचारावेत, तेही सभांपुरतेच. चर्चा आणि मतदान होताना त्यांनी बाहेर थांबावे अशी विनंती करा. घटनेत याविषयी काही नसले तरी स्वतःच्या विषयात स्वतः मत देऊ नये हा संकेत पाळलेला बरा. मग उरलेल्यांत कोरम राहतो का, हे आधीच मोजा. आमच्यात सातांचे सहा उरत होते आणि कोरम चारचा, म्हणून अडचण नव्हती. पाच जणांच्या मंडळात चारचा कोरम असेल आणि एक जण गावाला गेला असेल, तर सभा पुढे ढकला. इतिवृत्तात त्यांनी दिलेली कारणे थोडक्यात का होईना, पण त्यांच्या शब्दांत लिहा आणि मंडळाने ती का स्वीकारली किंवा का स्वीकारली नाहीत हे एका वाक्यात द्या. कारण न देता केलेला ठराव पुढे टिकवणे अवघड जाते.

आमच्याकडे तिथवर गेलेच नाही. ७ फेब्रुवारीला काकांचे हस्तलिखित उत्तर आले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत, दुसऱ्या मजल्याचा जिना चढवत नाही, आणि "मुलाला दर वेळी सोडायला सांगणे बरे वाटत नाही." हे ऑगस्टच्या फोनवर का नाही सांगितले, असे अध्यक्षांनी विचारले. काका म्हणाले, "फोनवर काय रडगाणं गायचं?"

मंडळाने सभा संध्याकाळी पाचला, खालच्या अभ्यासिकेत घ्यायची तयारी दाखवली. दोन नोकरदार सदस्यांनी कुरकुर केली, पण मानले. काकांनी विचार करायला वेळ मागितला आणि १७ फेब्रुवारीला राजीनामा पाठवला. अशा पत्राच्या बाबतीत घाई करू नका आणि बोलूनही दाखवू नका. "राजीनामा द्या, नाही तर ठराव करू" हे वाक्य कोणीही, खाजगीतसुद्धा, म्हणता कामा नये. दबावाखाली घेतलेला राजीनामा नंतर नाकारला जातो. काकांच्या राजीनाम्यावर तारीख नव्हती. मी ती स्वतःच्या हाताने घातली नाही, त्यांच्याकडे परत गेलो आणि त्यांनीच घातली.

२२ फेब्रुवारीच्या सभेत राजीनामा मंजूर झाला. कलम अकराचा विषय, राजीनामा मंजूर झाल्यामुळे विचारात घेण्याची गरज उरली नाही, एवढीच नोंद झाली. म्हणजे काकांच्या नावापुढे "पद रद्द" असे ट्रस्टच्या दप्तरात कुठेही नाही.

राजीनामा न येता पद रिक्त करायचे ठरले असते, तर ठराव साधारण असा लिहिला असता: "श्री. ... हे अमुक तीन तारखांच्या सभांना लेखी कारण न कळवता अनुपस्थित राहिले. त्यांना खुलाशाची संधी देण्यात आली. त्यांचे म्हणणे विचारात घेऊन मंडळ कलम ११ नुसार त्यांचे विश्वस्तपद आजपासून रिक्त करीत आहे. त्यांनी ट्रस्टसाठी केलेल्या कामाची मंडळ नोंद घेत आहे." शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे.

नंतरची कागदपत्रे

विश्वस्त कमी झाला की तो बदल अधिनियमाच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला ९० दिवसांत कळवायचा असतो. आमचे ९० दिवस २२ फेब्रुवारीपासून, म्हणजे २३ मेपर्यंत होते. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज आणि त्याची कारणे वाढतात. बदल अर्जासोबत सभांच्या सूचना, पोच, इतिवृत्ते, ठराव आणि राजीनामा जोडला. जाणाऱ्या विश्वस्ताची हरकत नाही असे प्रतिज्ञापत्र असले की काम बरेच हलके होते. काकांनी ते दिले. नोटीस ज्या भाषेत गेली होती तिचा इथे उपयोग झाला असे मला वाटते, कारण अपमान झालेला माणूस प्रतिज्ञापत्र देत नाही, वकील देतो.

बँकेतली एक सही काकांची होती. ती बदलायचा ठराव त्याच सभेत करून घ्यायला हवा होता, माझ्याकडून राहिला. मार्चमध्ये विजेचे बिल भरायला चेक काढला तेव्हा लक्षात आले, आणि राजीनामा दिलेल्या माणसाकडे सही मागायला जाता येईना. एप्रिलच्या सभेपर्यंत बिल खजिनदारांनी पदरचे भरले.

आता सभा संध्याकाळी पाचलाच होते, खालच्या अभ्यासिकेत. विद्यार्थी तासभर वर जाऊन बसतात.